'मला जमणारच नाही' हा विचार डोक्यातून जात नसेल तर काय करायचं? मीटिंगमधल्या एका चुकीतून समजून घेऊया 'ॲक्ट'

सोमवार, सकाळचे साडेअकरा. भोसरीतल्या एका कंपनीत महिन्याचा रिव्ह्यू चाललाय. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. मीनल स्क्रीनवर एक्सेल शीट उघडून कोणत्या डेपोला किती माल गेला ते सांगतेय. तेवढ्यात सर विचारतात, "मीनल, नाशिकचे आकडे यात धरलेत का? टोटल कमी वाटतंय."

मीनल बघते तर बेरजेचा फॉर्म्युला `=SUM(C2:C41)` असा आहे आणि डेटा मात्र ४६व्या ओळीपर्यंत गेलाय. नाशिकच्या ५ ओळी या महिन्यात खाली नव्याने जोडल्या होत्या, पण फॉर्म्युला जुनाच राहिला. "सॉरी सर, दुरुस्त करून पाठवते," ती म्हणते. सर म्हणतात, "बरं, पुढे चला." मीटिंग पुढे सरकते.

मीनल मात्र तिथेच अडकते. घरी जाताना बसमध्ये तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत राहतं: 'मला हे काम जमतच नाही. आता सगळ्यांना कळलंय.'

मीनल आणि तिची कंपनी काल्पनिक आहे. पण हे वाक्य तुमच्या ओळखीचं असेल. पुढच्या महिन्यात काय होतं, तेही कदाचित ओळखीचं वाटेल. मीनल रात्री साडेबारापर्यंत जागून तीच शीट पाच-सहा वेळा तपासते. मीटिंगच्या दिवशी सहकाऱ्याला म्हणते, "स्वप्नील, आज तूच सांग ना, माझा घसा बसलाय." त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा स्वप्नीलच बोलतो. एका डेपोच्या आकड्यात गडबड आहे हे तिच्या लक्षात येतं, पण ती गप्प बसते. दर वेळी बोलणं टळलं की तिला हायसं वाटतं. आणि त्या हायसं वाटण्यातूनच पुढच्या वेळी टाळण्याची सवय अजून घट्ट होते.

अशा वेळी सोशल मीडियावर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: नकारात्मक विचार काढून टाका, सकारात्मक विचार करा. मीनलने तेही करून पाहिलंय. आरशासमोर उभं राहून 'मी हुशार आहे' म्हटलं की मन लगेच उत्तर देतं, 'मग त्या ५ ओळी कशा सुटल्या?'

मानसोपचारात एक पद्धत आहे, जी इथे वेगळाच रस्ता सुचवते. 'ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी' असं तिचं नाव. थोडक्यात तिला 'ॲक्ट' म्हणतात. विचार घालवण्याचा प्रयत्न ही पद्धत करतच नाही. विचार डोक्यात असतानाही आपल्याला महत्त्वाचं वाटणारं काम करता यावं, हा तिचा उद्देश आहे. या पद्धतीत एकूण सहा प्रक्रिया आहेत. त्यातल्या दोनच इथे नीट समजून घेऊया: एक 'कॉग्निटिव्ह डिफ्यूजन' आणि दुसरी 'मूल्यं'.

ही पद्धत आली कुठून?

योगायोग असा की या पद्धतीच्या मुळाशीही एक मीटिंगच आहे. स्टीव्हन हेज हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 'ॲक्ट'चे मुख्य प्रवर्तक. १९७८ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो इथल्या विद्यापीठात शिकवत होते. विभागाच्या एका मीटिंगमध्ये ज्येष्ठ प्राध्यापक तावातावाने भांडत होते. हेज यांना मध्ये बोलायचं होतं, पण तोंडातून आवाजच फुटला नाही. तो त्यांचा पहिला पॅनिक अटॅक होता.

पुढची काही वर्षं त्यांनी तेच केलं, जे आपण बहुतेक जण करतो. ज्या ज्या ठिकाणी पुन्हा तसं होईल अशी भीती वाटली, ते ते टाळायचं किंवा भीती दाबायचा प्रयत्न करायचा. त्यातून भीती वाढतच गेली. स्वतः मानसशास्त्रज्ञ असूनही नेहमीचे उपाय त्यांना पुरे पडले नाहीत. भीतीशी लढणं हाच त्रासाचा मोठा भाग आहे, या जाणिवेतून आणि पुढच्या बऱ्याच वर्षांच्या संशोधनातून ही पद्धत घडली. कर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन या सहकाऱ्यांसोबत त्यांनी १९९९ मध्ये 'ॲक्ट'वरचं पहिलं सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केलं.

आधी फ्यूजन म्हणजे काय ते पाहू

एक छोटा प्रयोग करा. कैरीची फोड डोळ्यांसमोर आणा. वरून तिखट-मीठ लावलेली. दातांखाली करकरीत आवाज येतोय. तोंडाला पाणी सुटलं का? समोर कैरी नाहीये. होते ते फक्त शब्द. तरी शरीराने खरी कैरी समोर असल्यासारखा प्रतिसाद दिला.

शब्दांची ही ताकद उपयोगाची आहे. तिच्यामुळेच आपण उद्याचा विचार करू शकतो, दुसऱ्याच्या अनुभवातून शिकू शकतो. पण हीच ताकद उलटही चालते. 'मला जमत नाही' हेसुद्धा शब्दच. तरी ते मनात आले की छातीत धडधडतं, हात गार पडतात, आणि आपण असं वागतो जणू न जमणं ही दगडावर कोरलेली गोष्ट आहे. विचार आणि वास्तव एकमेकांना असे चिकटतात, त्याला 'फ्यूजन' म्हणतात. ते सुटं करणं म्हणजे 'डिफ्यूजन'.

चष्म्याचं उदाहरण घेऊ. चष्म्याची काच काळी असेल तर सगळं जग काळवंडलेलं दिसतं, आणि काच काळी आहे हे लक्षातही येत नाही. तोच चष्मा काढून हातात धरला की काच दिसते. काच काळीच आहे, ती काही पांढरी झालेली नाही. फक्त आता आपण काचेतून पाहत नसून काचेकडे पाहतोय. डिफ्यूजनमध्ये विचाराच्या बाबतीत एवढंच घडतं.

इथे 'ॲक्ट' आणि जास्त परिचित असलेली 'सीबीटी', म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, यांच्यातला एक फरक दिसतो. सीबीटीमध्ये बरेचदा विचाराची उलटतपासणी होते: याला पुरावा काय? विरुद्ध पुरावा काय? 'ॲक्ट'मध्ये विचार खरा की खोटा या वादात शक्यतो पडत नाहीत. तिथला प्रश्न वेगळा असतो: हा विचार म्हणेल तसं मी वागत गेले, तर मी जिथे जायचं म्हणते तिकडे जातेय का? मीनलच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. तीन महिने तिने विचाराचं ऐकलं आणि ती मीटिंगमधून जवळजवळ गायब झाली.

डिफ्यूजन प्रत्यक्षात कसं करतात?

पहिली पायरी म्हणजे नेमकं वाक्य पकडणं. 'टेन्शन आलंय' किंवा 'मूड नाही' यावर काम करता येत नाही, कारण ते धूसर आहे. त्याच्या आतलं वाक्य शोधावं लागतं. मीनल फोनच्या नोट्समध्ये ते जसं येतं तसंच लिहिते: 'मला हे काम जमतच नाही.'

दुसरी पायरी म्हणजे वाक्याच्या पुढे काही शब्द जोडणं. आधी ते वाक्य मनात नेहमीसारखं म्हणायचं आणि दहा-एक सेकंद त्यासोबत राहायचं. मग म्हणायचं, 'माझ्या मनात असा विचार येतोय की मला हे काम जमतच नाही.' थोडं थांबून पुन्हा, 'माझ्या लक्षात येतंय की माझ्या मनात असा विचार येतोय की मला हे काम जमतच नाही.' तिन्ही वाक्यांत विचार तोच आहे. पण पहिल्या वाक्यात मीनल म्हणजेच न जमणं आहे. तिसऱ्या वाक्यात मीनल वेगळी आहे आणि तिच्या मनात चाललेली एक गोष्ट वेगळी. बऱ्याच जणांना इथे वाक्यापासून एक-दोन पावलं मागे आल्यासारखं वाटतं. सगळ्यांनाच वाटतं असं नाही, आणि नाही वाटलं तर काही चुकलेलंही नाही.

तिसरी रीत थोडी विचित्र वाटेल. मनात बोचणारा विचार एका शब्दात आणायचा आणि तो शब्द मोठ्याने, भराभर, ३० सेकंद म्हणत राहायचं. मीनलचा शब्द आहे 'बावळट'. बावळट, बावळट, बावळट... काही सेकंदांतच 'टबावळ, टबावळ' असा आवाज ऐकू यायला लागतो आणि शब्दाचा अर्थ पातळ होत जातो. ही युक्ती जुनी आहे. एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये, शब्दाचा अर्थ कसा निघून जातो हे दाखवताना तिची नोंद केली होती.

अकिहिको मासुदा, हेज आणि सहकाऱ्यांनी या युक्तीची चाचणी घेतली. २००४ च्या त्यांच्या अभ्यासात, स्वतःबद्दलचा नकारात्मक शब्द असा भराभर म्हटल्यावर त्याचा त्रास कमी झाला आणि तो खरा वाटण्याचं प्रमाणही घटलं. २००९ मध्ये त्यांनी किती वेळ म्हणायचं हे तपासलं. त्रास ३ ते १० सेकंदांतच बराच उतरला, पण शब्दावरचा विश्वास सैल व्हायला २० ते ३० सेकंद लागले. म्हणून मध्येच थांबायचं नाही. आणि हो, हे ऑफिसमध्ये नाही, घरी दार लावून करायचं.

चौथी रीत म्हणजे गोष्टीला नाव देणं. मीनलच्या मनात रोज तेच कथानक चालतं: सर विचारतात, सगळे बघतात, ती पडते. तिने त्याला नाव दिलं, 'सोमवारची सिरीयल'. आता मीटिंगच्या आदल्या रात्री ते सुरू झालं की ती स्वतःशी म्हणते, 'हं, सोमवारची सिरीयल लागली.' तिने टीव्ही बंद केलेला नाही. तो कोपऱ्यात चालू राहतो आणि ती भाजी चिरत राहते.

इथे हमखास होणारी चूक

दोन-तीन दिवसांनी मीनल वैतागते. "हे सगळं म्हणून पाहिलं, तरी विचार येतोच आहे," ती म्हणते. डिफ्यूजन शिकणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. विचार घालवण्याचं नवं औषध म्हणून ते वापरायचं आणि दर पाच मिनिटांनी तपासायचं, 'गेला का?' असं तपासणं म्हणजे पुन्हा त्याच विचाराभोवती फिरणं.

मग ते काम करतंय हे ओळखायचं कसं? 'मला बरं वाटतंय का' हा निकष इथे चालत नाही. डिफ्यूजननंतर कधीकधी बरं वाटतं, पण ते बोनस समजायचं. खरा निकष असा: विचार मनात असतानाही मी दुसरं काही करू शकतेय का? तो म्हणतो 'गप्प बस', आणि मला बोलायचं की गप्प बसायचं हे ठरवायला थोडी तरी जागा मिळतेय का? ती मिळत असेल तर डिफ्यूजन झालं, भले छाती धडधडत असो.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. 'हा फक्त विचार आहे' असं म्हणून प्रत्येक विचार उडवून लावायचा. काही विचार ऐकण्यासारखे असतात. मीनलच्या डोक्यात दोन वाक्यं एकत्र गुंतलेली आहेत: 'माझ्या शीटमध्ये ५ ओळी सुटल्या' आणि 'मला काही जमत नाही'. पहिल्यात कामाची माहिती आहे, दुसऱ्यात नाही. तीन महिने दोन्ही एकत्र ओरडत असल्यामुळे मीनल शीट पुन्हापुन्हा तपासत राहिली, पण मूळ दोष तसाच राहिला. वाक्यं सुटी झाल्यावर तिने साधी गोष्ट केली. डेटा निवडून `Ctrl+T` दाबलं, म्हणजे एक्सेलमध्ये त्याचं टेबल झालं, आणि बेरजेचा फॉर्म्युला टेबलच्या पूर्ण रकान्यावर लावला. आता खाली नवी ओळ जोडली की ती बेरजेत आपोआप धरली जाते. दहा मिनिटांचं काम. रात्रीचं जागरण त्यामुळे बरंच कमी झालं.

तिसरी गोष्ट सांभाळण्याची आहे. शब्द भराभर म्हणायची किंवा गोष्टीला गमतीचं नाव द्यायची युक्ती स्वतःच्या खऱ्या दुःखाची टिंगल वाटेल अशा जागी वापरू नये. घरातलं कोणी गेलंय, किंवा एखादा जुना आघात मनात आहे, तिथे हे खेळ क्रूर वाटू शकतात. आणि दुसऱ्या कुणी रडत असताना 'हा फक्त तुझा विचार आहे गं' असं तर अजिबात म्हणू नये.

थोडी जागा मिळाली. मग जायचं कुठे?

डिफ्यूजनने विचाराची पकड सैल झाली. पण त्यानंतर काय करायचं, हे डिफ्यूजन सांगत नाही. ते ठरवायला मूल्यं लागतात.

मूल्यं म्हटलं की आपल्याला शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवतो. सत्य, अहिंसा, वक्तशीरपणा, आणि वहीत उतरवून घ्यायचा सुविचार. 'ॲक्ट'मधली मूल्यं तशी वरून आलेली नसतात. ती 'पाहिजे'ची यादी नाही. मला कसं माणूस म्हणून वागायला आवडेल, या प्रश्नाचं आपण स्वतः निवडलेलं उत्तर म्हणजे मूल्य.

मूल्य आणि ध्येय यांच्यात गल्लत होते. प्रमोशन मिळवणं हे ध्येय आहे. ते मिळालं की संपलं, नाही मिळालं तर हातात काही नाही. सहकाऱ्यांशी सरळपणाने वागणं हे मूल्य आहे. ते कधीच 'पूर्ण झालं' म्हणून खूण करता येत नाही, आणि ते आज दुपारीसुद्धा सुरू करता येतं, प्रमोशन असो वा नसो.

मीनलला विचारलं, तुला कामात काय हवंय? ती पटकन म्हणाली, "मीटिंगमध्ये चूक होऊ नये आणि भीती वाटू नये." हे ध्येय कसं आहे ते ओळखायची एक सोपी कसोटी आहे: रिकाम्या खुर्चीला हे जमेल का? रिकामी खुर्ची मीटिंगमध्ये कधीच चुकत नाही, घाबरत नाही, लाजत नाही. जे ध्येय खुर्चीही गाठू शकते, त्यातून माणसाने काय करायचं हे कळत नाही. फक्त काय टाळायचं ते कळतं.

मग मूल्य शोधायचं कुठे? एक चांगली जागा म्हणजे जिथे दुखतंय तीच. ती चूक मीनलला इतकी का लागली? लोक हसतील ही भीती होतीच. पण नीट पाहिल्यावर तिला अजून एक गोष्ट सापडली. तिच्या शीटवरून पुढच्या महिन्यात कोणत्या डेपोला किती माल पाठवायचा हे ठरतं. नाशिकचे आकडे सुटले असते, तर तिथल्या माणसांना माल कमी गेला असता, आणि गिऱ्हाइकांची बोलणी त्यांनी ऐकली असती. तिला हे मनापासून नको होतं. जिला कशाचीच पर्वा नाही, तिला एवढं दुखलं नसतं.

तिने आपल्या शब्दांत लिहिलं: 'जे माझ्या आकड्यांवर विसंबून आहेत, त्यांच्याशी मला सरळ राहायचंय.'

हे खरंच तिचं मूल्य आहे, की फक्त ऐकायला बरं वाटणारं वाक्य? त्यासाठीही एक प्रश्न आहे: याबद्दल कुणीच कौतुक करणार नसेल, कुणाला कळणारही नसेल, तरी मी असं वागेन का? मीनलचं उत्तर 'हो' होतं. 'सरांनी मला हुशार म्हणावं' या वाक्याला मात्र हाच प्रश्न लावला तर काही उरत नाही.

मूल्य सापडल्यावर मागच्या तीन महिन्यांकडे बघणं तिला जड गेलं. दुसऱ्या डेपोच्या आकड्यात गडबड दिसत असूनही ती गप्प बसली होती. भीतीपासून वाचण्याची किंमत त्या डेपोतल्या लोकांनी मोजली होती. मात्र इथे सावध राहावं लागतं. मूल्याचाच चाबूक करून 'बघ, तू सरळही नाहीस' असं स्वतःला मारत बसलो, तर तोही पुन्हा एक चिकटलेला विचारच होतो.

पुढचा सोमवार

मूल्याला पाय फुटतात ते छोट्या, ठरवलेल्या कृतीतून. 'आता मी आत्मविश्वासाने बोलणार' ही कृती नव्हे. मीनलने ठरवलं ते असं: सोमवारी शीट मी दाखवेन, फक्त पहिली दोन मिनिटं, आणि त्यात दोन गोष्टी बोलेन. बाकीचं स्वप्नील सांगेल.

रविवारी रात्री 'सोमवारची सिरीयल' लागलीच. सोमवारी साडेअकराला हात गार पडले. 'आता पुन्हा पडणार' हा विचार आला. तिने मनात म्हटलं, 'पडणार असा विचार येतोय.' पायांचे तळवे जमिनीला टेकलेत हे एकदा जाणवून घेतलं आणि बोलायला लागली.

"सर, मागे नाशिकच्या ५ ओळी बेरजेत आल्या नव्हत्या. आता शीटची रचना बदललीय, नवीन ओळी आपोआप धरल्या जातील. अजून एक, मागच्या महिन्यात एका डेपोचा आकडा मला दोनदा आल्यासारखा वाटत होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आज तो तपासून घेऊया."

आवाज थरथरला. सरांनी विचारलं, "दोनदा कसा आला?" तिला उत्तर माहीत नव्हतं. जुनी मीनल इथे काहीतरी पुटपुटली असती. ती म्हणाली, "आत्ता सांगता येणार नाही सर, तीनपर्यंत बघून कळवते."

टाळ्या वाजल्या नाहीत, आणि भीतीही गेली नाही. पण जे तिला महत्त्वाचं वाटत होतं, ते त्या दोन मिनिटांत घडलं. 'ॲक्ट'च्या हिशेबात हे यश आहे. पुढच्या महिन्यात दोनाची पाच मिनिटं करायची. एखाद्या महिन्यात पुन्हा टाळलं गेलं, तर पुन्हा दोन मिनिटांपासून.

पण ऑफिसच चुकीचं असेल तर?

हा प्रश्न विचारायलाच हवा. लोकांना 'विचार स्वीकारायला' शिकवायचं आणि ऑफिसचा जाच तसाच ठेवायचा, असा गैरवापर होऊ शकतो.

फ्रँक बाँड आणि डेव्हिड बन्स यांचा २००० मधला अभ्यास इथे उपयोगी आहे. एका माध्यम कंपनीतल्या ९० कर्मचाऱ्यांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला 'ॲक्ट' शिकवलं. दुसऱ्या गटाला कामातल्या ताणाची कारणं शोधून ती कशी बदलायची हे शिकवलं. तिसरा गट वाट पाहणाऱ्यांचा होता. प्रशिक्षण म्हणजे १४ आठवड्यांत मिळून अर्ध्या-अर्ध्या दिवसाची तीन सत्रं. दोन्ही प्रशिक्षित गटांत मानसिक आरोग्य सुधारलं, पण वेगवेगळ्या वाटांनी. 'ॲक्ट'च्या गटात नकोसे विचार आणि भावना सामावून घेता येण्यातून, तर दुसऱ्या गटात ताणाची कारणं बदलण्याच्या प्रयत्नांतून.

म्हणजे या दोन वाटा एकमेकींना पर्याय नाहीत. सर सगळ्यांसमोर अपमान करत असतील, पगार थकत असेल, छळ होत असेल, तर तो 'फक्त विचार' नाही. तिथे परिस्थिती बदलावी लागते, तक्रार करावी लागते किंवा नोकरी सोडावी लागते. तिथेही डिफ्यूजन कामाला येतं, कारण 'तक्रार करून काय होणार, आपल्यालाच वाईट ठरवतील' हाही पाय धरून ठेवणारा एक विचार असतो. 'ॲक्ट'मधलं स्वीकारणं हे आपल्या मनात जे येतं त्याच्यापुरतं आहे, बाहेरच्या अन्यायासाठी नाही.

दुसरी मर्यादा पद्धतीची. 'ॲक्ट'चा उपयोग चिंता, नैराश्य, जुनाट वेदना अशा अनेक ठिकाणी दिसलेला आहे. पण ती सीबीटीपेक्षा सरस आहे असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. ज्याला विचारांची तपासणी करून फरक पडतो, त्याने ती सोडायचं कारण नाही.

आणि वर दिलेल्या युक्त्या म्हणजे उपचार नव्हेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, काम यांची घडी विसकटली असेल, वारंवार पॅनिक अटॅक येत असतील, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक गाठा. भारत सरकारच्या 'टेलि-मानस' या मोफत सेवेचा नंबर १४४१६ आहे आणि ती दिवसरात्र सुरू असते.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर

या आठवड्यात कामावर जी एक गोष्ट तुम्ही टाळताय, ती घ्या. एखादा फोन, एखादा ईमेल, मीटिंगमधलं एखादं वाक्य. कागदावर तीन ओळी लिहा. पहिल्या ओळीत, ते करायला गेलं की मन जे बोलतं ते जसंच्या तसं, आणि त्याच्यापुढे 'माझ्या मनात असा विचार येतोय की'. दुसऱ्या ओळीत, या कामात मला कसं माणूस व्हायला आवडेल. तिसऱ्या ओळीत, दोन-पाच मिनिटांत होईल अशी एकच कृती, वार आणि वेळ घालून.

मीनलच्या कागदावरची तिसरी ओळ होती: 'सोमवार, साडेअकरा, पहिली दोन मिनिटं.'